ताऱ्यांच्या आकाराचा पेच : 'विज्ञान विरुद्ध चर्च' या कथेची पार्श्वभूमी

चर्चने हजार वर्षं विज्ञानाची गळचेपी केली आणि गॅलिलिओच्या दुर्बिणीने ती उघडी पाडली, ही कथा आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेतच ऐकलेली असते. तिचा जन्म मात्र गॅलिलिओच्या काळातला नाही. तिला आजचं रूप मिळालं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, दोन अमेरिकी लेखकांकडून. जॉन विल्यम ड्रेपर यांनी 1874 मध्ये धर्म आणि विज्ञान यांच्या संघर्षाचा इतिहास लिहिला. पोप धर्माच्या बाबतीत चुकू शकत नाही, हा सिद्धांत 1870 मध्येच जाहीर झाला होता आणि ड्रेपर यांचा सगळा रोख रोमवर होता. अँड्र्यू डिक्सन व्हाइट हे कॉर्नेल विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष. कोणत्याही पंथाशी न बांधलेलं विद्यापीठ काढलं म्हणून त्यांच्यावर धर्मगुरूंनी झोड उठवली होती. त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ 1896 मध्ये आला. दोघांनीही स्वतःच्या काळातलं भांडण मागच्या शतकांवर लादलं, असं आजचे इतिहासकार मानतात. मूळ कागदपत्रं वाचली की हे मत पटतं.

पॅरिस विद्यापीठाचंच उदाहरण घ्या. ॲरिस्टॉटलचे निसर्गविषयक ग्रंथ शिकवायचे नाहीत, असा हुकूम तिथल्या बिशपांच्या सभेने 1210 मध्ये काढला. युद्धाची कथा इथेच थांबते. पण 1229 मध्ये तुलूझच्या नव्या विद्यापीठाने विद्यार्थ्यांना बोलावताना जाहीरच केलं, की पॅरिसमध्ये बंदी असलेली पुस्तकं आमच्याकडे शिकता येतील. दोन वर्षांनी पोपने त्या पुस्तकांतला आक्षेपार्ह भाग काढून टाकायला सांगितलं. ते काम कधीच पुरं झालं नाही, आणि 1255 मध्ये पॅरिसच्याच कला शाखेने ती पुस्तकं अभ्यासक्रमात लावली. धर्मशास्त्राच्या वरच्या वर्गात जाणाऱ्यांनाही सहसा या अभ्यासातून जावं लागे.

1277 मध्ये पॅरिसचे बिशप एत्येन तांपिए यांनी 219 विधानांवर बंदी घातली. त्यांतली काही विधानं 'देवालाही अमुक करता येणार नाही' अशा धाटणीची होती. त्यांच्यावर बंदी आल्यामुळे एक वेगळीच वाट मोकळी झाली. ॲरिस्टॉटल ज्याला अशक्य म्हणतो ते देवाला शक्य असेल, तर तशा जगात काय घडेल याचा विचार करायला कोणाची हरकत उरली नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर द्युएम यांनी तर याच वर्षाला आधुनिक विज्ञानाचं जन्मवर्ष ठरवलं. ते फारच ताणलेलं आहे, आणि बहुतेक इतिहासकार ते मानत नाहीत. पण पुढच्या शतकात निकोल ओरेम यांनी 1377 मध्ये पृथ्वी स्वतःभोवती फिरते का याची सविस्तर चर्चा केली, आणि तिच्या फिरण्यावरचे नेहमीचे आक्षेप एकेक करून खोडून काढले. शेवटी त्यांनी कौल स्थिर पृथ्वीलाच दिला. त्याच वर्षी ते लिझ्यूचे बिशप झाले.

आता दुर्बिणीकडे येऊ. गॅलिलिओला 1610 च्या जानेवारीत गुरूचे चंद्र दिसले. पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये कार्डिनल बेलार्मिन यांनी रोममधल्या जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या महाविद्यालयातल्या गणितज्ञांना विचारलं, की हे खरं आहे का. पाचच दिवसांत उत्तर आलं : गुरूचे चंद्र खरे आहेत, शुक्राच्या कलाही खऱ्या आहेत. फक्त चंद्रावरच्या डोंगरांविषयी त्यांच्यातल्या वयोवृद्ध क्लाव्हियस यांना शंका होती. शुक्राच्या कलांमुळे सगळं पृथ्वीभोवती फिरवणारी टॉलेमीची जुनी व्यवस्था मोडीत निघाली, पण त्यातून सूर्याला मध्यभागी ठेवणाऱ्या कोपर्निकसचा विजय सिद्ध होत नव्हता. डॅनिश खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे यांच्या मांडणीत बाकीचे ग्रह सूर्याभोवती आणि सूर्य पृथ्वीभोवती फिरतो. तिथेही शुक्राला त्याच कला दिसतात.

खरी अडचण ताऱ्यांची होती, आणि ही गोष्ट प्रचलित कथेत जवळजवळ कधीच येत नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल, तर सहा महिन्यांत ती कक्षेच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाते. मग जवळचे तारे किंचित सरकलेले दिसायला हवेत. यालाच पराशय म्हणतात. टायकोंची मोजणी साधारण एका कलेपर्यंत, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागापर्यंत अचूक होती, आणि त्यांना पराशय दिसला नाही. कोपर्निकसचं उत्तर असं, की तारे अतिशय दूर आहेत. पण तारे नुसते ठिपके दिसत नसत. मध्यम तेजाच्या ताऱ्याचा व्यास टायकोंना सुमारे एक कला वाटत होता, म्हणजे सूर्याच्या दिसणाऱ्या व्यासाचा तिसावा भाग.

आता हिशोब करून पाहा. पराशय दिसत नाही, म्हणजे त्या ताऱ्यावरून पाहिलं तर पृथ्वीची संपूर्ण कक्षा एका कलेहून लहान दिसणार. इथून मात्र तो तारा एक कला भरतो. अंतर दोन्हीकडून सारखंच आहे. म्हणजे तो एक तारा पृथ्वीच्या संपूर्ण कक्षेहून मोठा ठरतो, आणि तसे शेकडो तारे आकाशात आहेत. टायकोंच्या व्यवस्थेत तारे शनीच्या जरा पलीकडे असल्याने आकारात सूर्यासारखेच निघत होते. कोपर्निकसचे समर्थक ख्रिस्टोफ रोथमान यांनी टायकोंना उलट विचारलं, की तारा इतका मोठा असण्यात बिघडलं काय? सृष्टिकर्त्याला काही अशक्य नाही. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो, कारण इथे देवाचा आधार घेणारा सूर्यकेंद्री पक्षाचा आहे आणि मोजमापं पुढे करणारा त्याचा विरोधक.

दुर्बिणीने हा पेच सोडवला नाही. तिच्यातून तारे लहान दिसू लागले, पण काही विकला व्यासाचा गोल उरलाच; विकला म्हणजे कलेचा साठावा भाग. शिवाय पराशय शोधण्याची नजरही आता तेवढीच तीक्ष्ण झाली होती. बोलोन्याचे जेझुइट जोव्हान्नी बात्तिस्ता रिचिओली यांनी 1651 च्या आपल्या ग्रंथात पृथ्वीच्या गतीच्या बाजूचे 49 आणि विरुद्ध बाजूचे 77 युक्तिवाद तपासले. ताऱ्यांच्या आकाराचा आक्षेप त्यांत वजनदार होता. याच माणसाने उंच मनोऱ्यावरून गोळे टाकून गॅलिलिओचा पतनाचा नियम पडताळला आणि चंद्रावरच्या एका ठळक विवराला कोपर्निकसचं नाव दिलं.

दुर्बिणीतले ते गोल खोटे होते. प्रकाश दुर्बिणीच्या तोंडातून आत येताना पसरतो आणि बिंदूसारख्या ताऱ्याचीही चकती होते. या घटनेला विवर्तन हे नाव देणारे फ्रान्चेस्को ग्रिमाल्दी हे रिचिओलींचेच सहकारी होते. पण त्यांचं पुस्तक 1665 मध्ये आलं, आणि विवर्तन व ताऱ्यांच्या चकत्या यांची सांगड तेव्हा बसली नाही.

एवढ्यावरून चर्च निर्दोष ठरवणारेही आहेत, आणि ती चूक दुसऱ्या टोकाची आहे. 1616 च्या फेब्रुवारीत इन्क्विझिशन या चर्चच्या न्यायसंस्थेच्या सल्लागारांनी सूर्याच्या स्थिरतेला तत्त्वज्ञानदृष्ट्या मूर्खपणाचं म्हटलं आणि वर पाखंडाचा शिक्का मारला. हे सल्लागार धर्मशास्त्री होते. कोपर्निकसचं पुस्तक दुरुस्ती होईपर्यंत रोखलं गेलं. 1633 मध्ये गॅलिलिओला गुडघे टेकून आपलं मत सोडावं लागलं, आणि 1642 मध्ये मृत्यू येईपर्यंत तो नजरकैदेतच राहिला. रिचिओलींचा तराजूही या निकालाच्या छायेतलाच आहे. कोपर्निकसच्या बाजूने कौल देण्याची मोकळीक त्यांना नव्हती, हे त्यांचे 77 युक्तिवाद वाचताना विसरता येत नाही. सतराव्या शतकाच्या मध्यावर टायकोंचा पक्ष पुराव्याच्या बळावर उभा होता. ज्या संस्थेने सूर्यकेंद्री पक्षाला खोटं ठरवलं, तिने पुढच्या पुराव्याची वाट पाहिली नाही.

तो पुरावा टप्प्याटप्प्याने आला. जेम्स ब्रॅडली यांना 1720 च्या दशकाच्या अखेरीस ताऱ्यांच्या जागेत पृथ्वीच्या गतीमुळे होणारा वेगळा फरक सापडला. जॉर्ज एअरी यांनी 1835 मध्ये दुर्बिणीतल्या खोट्या चकत्यांचं गणित मांडलं. त्याच वर्षीच्या चर्चच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत कोपर्निकस आणि गॅलिलिओ यांची पुस्तकं पहिल्यांदाच नव्हती. तीन वर्षांनी बेसेल यांनी हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्याचा पराशय मोजला. तो एका विकलेच्या साधारण तिसऱ्या भागाएवढा होता, म्हणजे टायकोंना जे पकडता आलं असतं त्याच्या सुमारे दोनशेव्या हिश्श्याइतका.