शैक्षणिक गैरप्रकाराची सुनावणी (हिअरिंग)

कॉपी, दुसऱ्याचा मजकूर स्वतःचा म्हणून देणं, आकडे बनवणं किंवा मित्राला असाइनमेंट देणं असा आरोप आला की विद्यापीठ किंवा कॉलेज एका समितीपुढे जी चौकशी करतं तिला सुनावणी म्हणतात. हे कोर्ट नसतं. इथे बऱ्याच ठिकाणी गुन्हा 'संशयापलीकडे' सिद्ध व्हावा लागत नाही, 'असं घडलं असण्याची शक्यता जास्त आहे' एवढं समितीला पटलं तरी पुरतं, आणि 'सिद्ध कुठे झालंय' एवढ्याच मुद्द्यावर अडून बसलेली मुलं नेमकी इथेच फसतात.

एक केस घेऊ. समजा लंबकाच्या प्रयोगाचे दोन रिपोर्ट आलेत. ८० सेंटीमीटर लांबीला २० आंदोलनांना साधारण ३५.९ सेकंद लागायला हवेत, पण दोन्ही रिपोर्टमध्ये ३९.५ लिहिलंय. बरोबर उत्तर दोघांचं सारखं येणं साहजिक आहे, पण एकच आकडा दोघांकडूनही उलटा लिहिला जाणं फार अवघड, म्हणून तपासणारे सारख्या चुकाच शोधतात. खरं काय झालेलं, तर पहिल्याने डेडलाइनच्या दोन दिवस आधी 'फक्त फॉरमॅट बघ' म्हणून फाइल पाठवली आणि दुसऱ्याने तक्ताच उचलला.

पुढे शिक्षक विभागाला कळवतात, तिथे प्राथमिक बघणं होतं, छोटी बाब असेल तर एखाद्या मीटिंगमध्येच मिटते, नाहीतर लेखी नोटीस येते. नोटिशीत तीन गोष्टी शोधायच्या: नेमका आरोप कुठल्या नियमाखाली आहे, पुरावा काय जोडलाय आणि उत्तर द्यायची तारीख. पुरावा जोडलेला नसेल तर लगेच मेल करून मागायचा. आपल्या केसमध्ये दोघांनाही नोटीस येते, कारण फाइल देणं हाही बऱ्याच नियमावल्यांमध्ये गैरप्रकारच असतो, आणि 'मी तर नुसती मदत केली' हे पहिल्याला खूप लागतं, ते समजण्यासारखंच आहे.

सुनावणीच्या दिवशी साधारण तीन ते पाच जणांची समिती असते, तक्रार करणारे शिक्षक त्यात बसत नाहीत, ते फक्त बाजू मांडतात. आधी आरोप वाचतात, मग विद्यार्थी बोलतो, मग प्रश्न, शेवटी विद्यार्थ्याला परत दोन मिनिटं मिळतात आणि सगळ्यांना बाहेर पाठवून समिती ठरवते. बहुतेक ठिकाणी सोबत एक माणूस नेता येतो पण त्याने बोलायचं की नुसतं बसायचं ते आधी विचारून घ्यावं. दोष आहे का हे आधी ठरतं आणि शिक्षा नंतर, चांगल्या पद्धतीत जुनी नोंदही तेव्हाच काढतात.

शिक्षा खालून वर अशा जातात: लेखी ताकीद, काम परत करून फक्त पासिंगपुरते मार्क, त्या कामाला शून्य, अख्ख्या विषयात नापास, टर्म किंवा वर्षभरासाठी निलंबन, शेवटी काढून टाकणं. पहिलीच वेळ आणि छोटं काम असेल तर प्रकरण सहसा खालच्या पायऱ्यांवर थांबतं, परीक्षेत पेपर विकत घेणं किंवा दुसऱ्याला बसवणं मात्र पहिल्याच वेळी वरच्या पायरीला जाऊ शकतं. 'मुद्दाम नाही केलं' याने दोष सहसा जात नाही, शिक्षा कमी होऊ शकते.

तयारीचं म्हणाल तर पहिल्या दिवसापासून काहीही डिलीट करू नका, दुसऱ्या मुलाशी बसून एकच गोष्ट रचू नका, दोघांची वाक्यं सारखी आली की समितीला ते कळतं. पहिल्या मुलाने काय न्यावं? स्वतःच्या हातची प्रयोगवही, जिच्यात ३५.९ खोडून ३९.५ झालेलं दिसतं, फाइलची व्हर्जन हिस्टरी, आणि 'फॉरमॅट बघ'वाला मेसेज तारखेसकट. मग एका पानाचं निवेदन तारखेच्या क्रमाने, भावना कमी, आणि त्यात जे केलं ते सरळ मान्य: फाइल मी पाठवली, आकडे माझेच आहेत, तो ते उतरवेल हे मला माहीत नव्हतं. हे निवेदन आदल्या रात्री कुणासमोर मोठ्याने वाचून बघा, जिथे अडखळता तिथे बहुतेक गोष्ट अर्धी सांगितलेली असते, ती पूर्ण लिहा. प्रश्न कळला नाही तर परत विचारायला सांगा, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा, अंदाजाने दिलेलं उत्तर नंतर मेसेजशी जुळलं नाही तर खरं सांगितलेल्यावरही शंका येते.

अशा केसमध्ये पहिल्याला ताकीद आणि दुसऱ्याला शून्य असा निकाल येऊ शकतो. निकालाचं पत्र आलं की त्यातली अपीलची मुदत आधी बघा, ती थोड्याच दिवसांची असते. अपील म्हणजे परत सुनावणी नाही, प्रक्रिया चुकली, नवा पुरावा मिळाला जो आधी देता येत नव्हता, किंवा शिक्षा फारच जास्त आहे, साधारण एवढ्याच कारणांवर ते घेतात, त्यामुळे तुम्ही पुरावा मागूनही विभागाने दिला नाही तर ते मेल जपून ठेवा, तेच तिथे कामाला येतं.