एकहाती स्वयंपाक

पक्षाघाताने एक हात दुर्बल झाल्यावर किंवा अंगच्छेदनाने हात गमावल्यावर उरलेल्या एका हाताने स्वयंपाक करण्याची पद्धत व त्यासाठी ओट्यावर, भांड्यांत आणि अवजारांत करावे लागणारे बदल. व्यवसायोपचारात (ऑक्युपेशनल थेरपी) हा दैनंदिन व्यवहारांच्या प्रशिक्षणाचा भाग मानला जातो.

स्वयंपाकात दोन हात सारखे काम करत नाहीत. एक हात चिरतो, ढवळतो, लाटतो; दुसरा धरून ठेवतो. एक हात गेला की जवळजवळ नेहमी धरणाराच कमी पडतो, कारण राहिलेला हात करणाऱ्याच्या कामाला लागतो, मग तो मूळचा डावा असो वा उजवा. म्हणून या विषयातील बहुतेक साधने धरण्याची साधने आहेत: खिळे, कडा, चिकटपट्ट्या, ओली फडकी, भिंतीचा कोपरा.

सुरीचा उगम. एका हाताने वापरायच्या सुरीचा इतिहास बहुधा ब्रिटिश नौसेनापती होरेशिओ नेल्सनपासून सांगितला जातो. जुलै १७९७ मध्ये टेनेरीफ बेटावरील सांताक्रूझच्या हल्ल्यात त्याचा उजवा हात गेला. त्यानंतर लेडी स्पेन्सर यांनी त्याला सुरी आणि काटा एकत्र असलेले साधन भेट दिले, अशी परंपरा आहे. इंग्लंडमध्ये अशा साधनाला आजही नेल्सनची सुरी म्हणतात. मात्र ते ताटात वाढलेले मांस कापून तोंडाकडे नेण्यासाठी होते, स्वयंपाकासाठी नव्हे. ओट्यावर वापरली जाणारी झुलती सुरी, म्हणजे पात्याची धार कमानदार असून मूठ पात्याच्या वर बसवलेली सुरी, नेल्सनच्या सुरीपासूनच निघाली असे काही लेखक धरतात. दुसरे मत असे की आर्क्टिक प्रदेशातील इनुइट स्त्रियांची उलू ही सुरी आणि इटलीतील अर्धचंद्राकृती मेझालूना यांच्याशी तिचे नाते अधिक जवळचे आहे. रचनेवरून पाहता दुसरे मत अधिक पटते: उलूतही जोर मुठीतून सरळ खाली धारेवर उतरतो. नेहमीच्या सुरीत मूठ पात्याच्या मागे असते, त्यामुळे पाते पुढे-मागे ओढावे लागते आणि ओढताना भाजी सरकते. तिला धरायला दुसरा हात लागतो. झुलत्या सुरीत ओढ जवळजवळ नसते.

पहिल्या महायुद्धात हात गमावलेल्या सैनिकांची संख्या मोठी होती, त्यामुळे एकहाती साधनांचा विचार संघटितपणे सुरू झाला. स्वयंपाकघराच्या मांडणीचा अभ्यास दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लिलियन गिलब्रेथ यांनी केला. त्यांनी हृदयरोगी आणि अपंग गृहिणींसाठी नमुन्याची स्वयंपाकघरे मांडली. भारतात व्यवसायोपचाराचे पहिले विद्यालय मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० मध्ये कमला निंबकर यांच्या प्रयत्नाने सुरू झाले. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र त्याआधीचे, १९४४ चे आहे. त्याची स्थापना सैनिकांसाठी झाली.

दोन अवस्थांतील फरक. हात कोपराखाली कापलेल्या व्यक्तीला उरलेल्या खुंटाला संवेदना असते. त्याने परात दाबून धरता येते, पिशवी अंगाशी आवळता येते, आणि भांडे गरम असल्याचे तत्काळ कळते. पक्षाघातात हात असतो, पण अनेकदा त्याची संवेदना मंद असते किंवा त्याकडे लक्षच जात नाही. असा हात गरम कढईला टेकला तरी वेदना उशिरा जाणवते, कधी जाणवतही नाही. म्हणून तो हात ओट्यावर, नजरेसमोर, विस्तवापासून दूर ठेवतात आणि पाणी वा भांडे किती तापले आहे हे चांगल्या हाताने पाहतात. मेंदूच्या उजव्या भागात पक्षाघात झालेल्यांपैकी काहींना डावीकडचे भान राहत नाही. डाव्या बाजूची शेगडी चालू राहणे हा त्यांच्यातील नेहमीचा अपघात. ओट्याच्या डाव्या कडेला भडक रंगाची पट्टी लावून तिथून उजवीकडे नजर आणण्याची सवय लावतात, आणि सुरुवातीस फक्त उजवी शेगडी वापरायला देतात.

खिळ्यांचा पाट. घरी सुताराकडून करून घेता येणारे हे सर्वांत उपयोगी साधन. सुमारे ३० × २५ सेंमी.चा जाड लाकडी पाट घ्यावा. मध्याजवळ, एकमेकांपासून २ ते ३ सेंमी. अंतरावर, खालून वर दोन स्टेनलेस स्टीलचे खिळे असे ठोकावेत की पाटाच्या वर सुमारे ४ सेंमी. टोक राहील. साधा लोखंडी खिळा गंजतो आणि कांद्यावर काळा डाग पाडतो. दोनच खिळे का, याचे कारण सोपे आहे: एकाच खिळ्यावर बटाटा फिरतो, दोन खिळ्यांवर फिरू शकत नाही. वरून जोर पडला की खिळे हळूहळू खाली सरकतात, म्हणून त्यांची डोकी पाटात बुडवून खालून पातळ प्लायवूडचा तुकडा चिकटवावा. पाटाच्या एका कोपऱ्यात दोन बाजूंना दीड सेंमी. उंचीच्या पट्ट्या लावल्या तर त्या कोपऱ्यात ब्रेड किंवा पोळी दाबून लोणी लावता येते. वापर नसताना खिळ्यांवर बुचाचे तुकडे खोचून ठेवावेत.

बाजारात मिळणाऱ्या अशा पाटांना खाली रबरी चोषक पाय असतात. गुळगुळीत स्टील वा काचेवर ते घट्ट बसतात. कडप्प्याच्या खरबरीत ओट्यावर आणि टाइलच्या सांध्यावर हवा शिरून सुटतात. तिथे चौपदरी ओले पंचे किंवा जाळीदार रबरी चटई अधिक भरवशाची. चटई पीठ वा तेलाने माखली की तिची पकड जाते. साबणाने धुऊन वाळवली की परत येते.

बटाटा सोलताना तो आधी खिळ्यांत रोवतात आणि सोलणे खिळ्यांपासून बाहेरच्या दिशेने फिरवतात. वरचा अर्धा भाग सोलून झाला की बटाटा उपटून उलटा रोवायचा. कांद्याची दोन्ही टोके आधी काढून त्याचे उभे दोन भाग केले की साल सहज सुटते; मग अर्धा कांदा सपाट बाजूवर ठेवून झुलत्या सुरीने चिरावा. कोथिंबीर वाटीत घालून कात्रीने कापणे सोयीचे.

महाराष्ट्रातील विळी मुळातच एकहाती अवजाराच्या जवळची आहे. पाते पायाने दाबलेल्या पाटावर स्थिर असते आणि भाजी पात्याकडे नेली जाते, म्हणजे धरण्याचे काम पाय करतो. अंगच्छेदन झालेल्या, जमिनीवर सहज बसू शकणाऱ्या व्यक्तीला ती चांगली जमते. मात्र दोन हातांनी विळीवर चिरताना चिरलेला तुकडा दुसऱ्या हाताच्या बोटांत पडतो. एका हाताने तो खाली पडतो, म्हणून पात्याखाली ताट ठेवावे लागते. शेवटचा लहान तुकडा विळीवर चिरण्याचा हट्ट करू नये. बोट पात्याला लागते ते तिथेच. अर्धांगवायूच्या रुग्णास जमिनीवरून उठणे अवघड असते आणि दुर्बल बाजूचा पाय पाट दाबू शकेलच असे नाही. त्याच्यासाठी ओट्यावरचा खिळ्यांचा पाटच योग्य. विळीच्या टोकाच्या खोवणीवर अर्धा नारळ एका हातात धरून खोवता येतो. हँडल फिरवायच्या खोवणीत मात्र हँडल आणि वाटी या दोन्हींना हात लागत असल्याने ती निरुपयोगी ठरते.

कणीक आणि पोळी. कणीक मळताना अडचण दुहेरी असते. परात फिरते, आणि पीठाने भरलेल्याच हाताने पाणी घालावे लागते. दोन माणसांच्या पोळ्यांसाठी २०० ग्रॅम कणीक, सुमारे १२५ मि.लि. पाणी, चिमूटभर मीठ आणि चमचाभर तेल आधीच मोजून ठेवावे. परात ओल्या फडक्यावर, ओटा भिंतीला मिळतो त्या कोपऱ्यात अडवून ठेवावी. दोन चमचे पाणी राखून बाकीचे एकदम घालावे आणि कालथ्याच्या दांड्याने कोरडे पीठ दिसेनासे होईतो कालवावे. मग झाकून २० मिनिटे तसेच ठेवावे. या वेळात गव्हातील ग्लूटेन आपोआप जुळू लागते, त्यामुळे पुढचे मळणे निम्म्यावर येते. शेवटी हाताला तेल लावून, तळहाताच्या टाचेने गोळा भिंतीच्या दिशेने दाबत आणि दुमडत दोन-तीन मिनिटे मळावे. उलट दिशेने, स्वतःकडे ओढत मळले तर परात ओट्यावरून अंगावर येते.

लाटताना हात लाटण्याच्या मध्यावर ठेवला तरी लाटणे एका बाजूला कलते आणि पोळीची तीच कड पातळ होते. मूठ न आवळता उघडा तळवा टेकवून फिरवले तर कल कमी राहतो. पोळी १२ ते १४ सेंमी.पेक्षा मोठी करू नये. पोळपाट चटईवर ठेवून पोळी दर दोन लाटण्यांनंतर थोडी फिरवावी. तव्यावर नेण्यासाठी ती लाटण्यावर गुंडाळून उचलावी आणि तव्यावर उलगडावी.

भाकरी थापण्यास एक हात पुरतो. बिघडते ती उचलताना, कारण ज्वारीच्या पिठात ग्लूटेन नसते आणि एका हाताच्या आधारावर ती तुटते. ओल्या फडक्यावर थापून फडक्यासकट तव्यावर पालथी घातली की हा प्रश्न सुटतो. थालीपीठ तर थंड तव्यावरच थापता येते; म्हणून शिकवताना सुरुवात त्यापासून करणे पोळीपासून करण्यापेक्षा बरे.

विस्तव आणि भांडी. लायटरने पेटवायच्या शेगडीला बटण फिरवणे आणि ठिणगी पाडणे ही दोन कामे एकाच वेळी लागतात. एका हाताने आधी बटण आणि मग लायटर, असे केल्यास मधल्या काळात गॅस सुटतो. लायटर हाताशी ठेवून एक-दोन सेकंदांत पेटले नाही तर बटण बंद करून, खिडकी उघडून, गॅस निघून जाऊ द्यावा. लगेच पुन्हा खटका मारू नये. स्वयंचलित ठिणगीची शेगडी किंवा इंडक्शन हा त्यावरचा उपाय. इंडक्शनचा आणखी एक फायदा असा की ओटा आणि चूल एका पातळीत बसवली तर भांडे उचलण्याऐवजी सरकवता येते. गोल बुडाची कढई तिथे चालत नाही, आणि फुलके आचेवर फुगवता येत नाहीत.

ढवळताना कढई डावाबरोबर फिरते. लांब दांड्याचे, जड, सपाट बुडाचे भांडे घेऊन त्याचा दांडा शेगडीच्या कडेला बसवलेल्या तारेच्या चौकटीत अडकवतात. भात वा बटाटे उकडताना पाणी ओतून काढण्याचा प्रयत्न करू नये. एका मनगटावर भरलेल्या पातेल्याचा तोल राहत नाही. तारेची जाळी आत ठेवून शिजवावे आणि जाळी तेवढी सांडशीने उचलावी. कुकरमध्येही डबे आत ठेवून शिजवावे, कुकर रिकामा होईपर्यंत शेगडीवरून हलवू नये. बाहेरून बसणाऱ्या झाकणाच्या कुकरचे दोन दांडे एकाच मुठीत दाबून जवळ आणता येतात, म्हणून तो बंद करणे सोपे असते. उघडताना मात्र खालचा दांडा कशाला तरी अडवावा लागतो.

दुधाची पिशवी उभ्या, तिच्यापेक्षा जेमतेम रुंद भांड्यात ठेवून वरचा कोपरा कात्रीने कापतात. बरणीचे झाकण उघडण्यासाठी बरणी ओट्याखालच्या अर्धवट उघड्या खणात ठेवून कमरेने खण दाबून धरतात.