फावडं, पाठ आणि जांघेतली घडी

पाठदुखीबद्दलचा एक सल्ला दवाखान्याच्या भिंतीवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, सगळीकडे दिसतो: ‘कमरेत वाकू नका, गुडघ्यात वाका.’ गव्हाचं पोतं एकदाच उचलायचं असेल तर ठीक आहे. पण हळदीची भरणी करताना फावडं घेऊन सरीत दिवसभर उभं राहावं लागतं. तिथे उकिडवं बसून काम होत नाही, वाकावंच लागतं. तेव्हा खरा प्रश्न आहे तो वाकायचं कुठून हा. वसमतकडच्या एका शेतकऱ्याच्या नववीतल्या मुलीला हे तिच्या खेळाच्या सरांनी शिकवलं. त्यामागची यंत्रणा मला इतकी आवडते की ती सविस्तर सांगितल्याशिवाय राहवत नाही.

लागवडीनंतर दोन-तीन महिन्यांनी हळदीला भर लावतात. सरीतली माती फावड्याने ओढून गड्ड्यावर चढवायची, म्हणजे कंद उघडे पडत नाहीत. त्या दिवसांत ही मुलगी कबड्डीच्या सरावाला यायची ती कमरेवर हात ठेवूनच. सरांनी विचारलं, “काय गं, काय झालं?”

“काही नाही सर, भरणी चाललीय. पाठ धरली.”

सरांनी तिच्या हातात कवायतीची काठी दिली आणि फावडं मारतेस तशी वाकून दाखव म्हणाले. ती वाकली. गुडघे ताठ होते आणि पाठीची कमान झाली होती. मग त्यांनी काठी तिच्या पाठीवर उभी धरायला लावली. डोक्याचा मागचा भाग, दोन खांद्यांची मधली जागा आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी ती टेकलेली हवी. “आता यातलं एकही न सुटता वाक.” थोडं वाकताच खालचं टोक सुटलं. तिनं बरोबर हेरलं, “सर, पाठ सरळ ठेवली की हात जमिनीला पोचतच नाहीत.”

का पोचत नाहीत? इथेच खरी गंमत आहे. मांडीच्या मागच्या बाजूला लांब स्नायूंचा एक गट आहे, हॅमस्ट्रिंग. त्याचं वरचं टोक आपण ज्या हाडावर बसतो तिथे, म्हणजे कटीच्या हाडाला, जोडलेलं असतं. खालचं टोक गुडघा ओलांडून पायाच्या हाडाला जोडलेलं असतं. म्हणजे हा स्नायू खुबा आणि गुडघा असे दोन सांधे ओलांडतो. कटीचं हाड म्हणजे मांड्यांच्या डोक्यांवर तोललेलं घमेलं समजा. पुढे वाकायचं तर हे घमेलं पुढे कलायला हवं. ते कललं की बसण्याचं हाड मागे-वर जातं आणि हॅमस्ट्रिंग वरून ताणला जातो. त्यात गुडघाही ताठ असेल तर तो खालूनही ताणलेलाच असतो. दोन्हीकडून ताणलेला स्नायू एका मर्यादेला अडतो आणि घमेलं तिथेच थांबतं. हात मात्र अजून जमिनीपासून दूर असतात. मग उरलेलं वाकणं येतं कुठून? त्याच्या वरच्या पाच मणक्यांतून. म्हणजे पाठीची कमान होते ती मांडीमुळे!

सरांनी सांगितलं, “गुडघे थोडे सैल सोड, बूड मागे भिंतीला टेकवायचंय असं ढकल, आणि हाताची कड जांघेत ठेवून ती घडीत चिमटव.” गुडघा पंधरा-वीस अंश वाकला की हॅमस्ट्रिंगला खालून सैल मिळते, घमेलं पुढे कलतं आणि शरीर खुब्यातून मिटतं. खुबा हा खोल वाटीतला गोल सांधा आहे, त्याभोवती शरीरातला सगळ्यात मोठा स्नायू, कुल्ल्याचा, बसवलेला आहे. काठीची तिन्ही ठिकाणं टेकलेली राहिली आणि गुडघे वाकल्याने शरीर खाली आल्यामुळे हातही पोचले.

आता थोडा हिशोब. मुलीचं वजन ४५ किलो धरा. कमरेच्या वरचा भाग साधारण २४ किलो. ती पूर्ण आडवी वाकली तर या वजनाचा मध्य कमरेच्या खालच्या मणक्यापासून सुमारे २५ सेंटिमीटर पुढे येतो. त्याला तोलून धरणारे पाठीचे स्नायू मात्र मणक्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटरवर असतात. तरफेच्या नियमाने त्यांना पाचपट, म्हणजे १२० किलोचा जोर लावावा लागतो. फावडं आणि माती मिळून ४ किलो, हात लांब करून ६० सेंटिमीटरवर धरली तर आणखी ४८ किलो. तेच फावडं अंगाजवळ, ३५ सेंटिमीटरवर आणलं तर २८.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. धड तितकंच आडवं असेल तर पाठ गोल असो वा सरळ, हा भार जवळपास तितकाच राहतो. बदलतं ते तो उचलणारं कोण हे. १९५५ मध्ये इंग्लंडमध्ये फ्लॉइड आणि सिल्व्हर यांनी पाठीच्या स्नायूंतली विजेची हालचाल मोजून दाखवलं की पूर्ण गोल वाकल्यावर हे स्नायू जवळपास गप्प होतात. भार मणक्यांमागच्या अस्थिबंधांवर आणि चकत्यांवर लटकतो. बरीच मिनिटं तसं राहिलं की हे बंध हळूहळू लांबतात आणि सरळ झाल्यावर लगेच पूर्ववत होत नाहीत. सरीच्या टोकाला उभं राहताना कंबर ‘अडकते’, त्याला हेही एक कारण आहे. जांघेतून वाकल्यावर पाठीचे स्नायू जागे राहून मणका आहे त्या आकारात धरून ठेवतात, आणि माती ओढण्याचा झटका कुल्ला व मांडी मागून देतात. काम पाठीने ओढायचं नाही, खुबा उघडून ओढायचं.

याने पाठदुखी कधीच होणार नाही असं मात्र कुणी सांगू नये. गोल पाठीने वाकणाऱ्या सगळ्यांचीच पाठ दुखते असं नाही. पाठदुखीला झोप, ताण, जुनी दुखापत अशी बरीच कारणं असतात. या पद्धतीने ओढण्याचं काम मोठ्या स्नायूंकडे जातं, एवढा दावा पुरेसा आहे. आणि उसण भरल्यावर पायाळू माणसाची लाथ खायला जाणं तर बंदच व्हायला हवं. उसण बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप ओसरते आणि श्रेय लाथेला मिळतं. पाय बधिर पडत असेल, लघवीवरचा ताबा जात असेल, तर अशी लाथ घातक ठरू शकते. तिथे थेट डॉक्टरच हवा.

मुलगी शेतात गेली. पहिल्या दिवशी आईनं टोकलं, “असं बूड काढून कुठं काम करत असतेत का?” चारचौघांत लाज वाटते ही खरी अडचण आहे, म्हणून ती सगळ्यात मागची सरी धरू लागली. दुसरी अडचण अशी की दमल्यावर शरीर जुन्या सवयीवर जातं. ते ओळखायची खूण सरांनी दिली होती: मांडीची मागची बाजू आणि कुल्ले भरून आले तर बरोबर चाललंय, करगोट्याच्या जागी आडवी कळ आली तर गुडघे ताठ झालेत.

तिनं पुढचा प्रश्न वडिलांना विचारला: दांडाच लांब केला तर? प्रश्न नेमका आहे. धड उभ्या रेषेपासून ३० अंशच कललं तर आडव्या धडाच्या तुलनेत पाठीवरचा जोर निम्मा, १२० चा ६० होतो. वडिलांनी बाभळीचा लांब दांडा बसवला, पण फावडं मातीत घुसेना, वरवर खरवडू लागलं. कारण सोपं आहे. लांब दांडा उभा धरला जातो, त्यामुळे पातं जमिनीला जवळपास आडवं होतं. दांडा आणि पातं यांच्यातला कोन लोहाराकडून तापवून थोडा उघडून घ्यावा लागला, मग पातं पुन्हा मातीत शिरायला लागलं.