एमआरपीवरचं मार्जिन (किराणा व्यापार)

पाकिटावर छापलेल्या कमाल किमतीच्या आत राहून दुकानदाराला जे सुटतं ते मार्जिन. विकायची किंमत वर बांधलेली, त्यामुळे कमाई सगळी खरेदीत.

हे बंधन कधीपासूनचं, यावर दोन मतं दिसतात. काही जण 1977 चे पॅकबंद मालाचे नियम धरतात, पण तेव्हा ‘स्थानिक कर वेगळे’ असं छापायची मुभा होती, म्हणजे गिऱ्हाइकाकडून छापील किमतीच्या वर घेता यायचं, ती वाट 1990 च्या बदलाने बंद झाली आणि ‘सर्व करांसह’ आलं, त्यामुळे आजच्या अर्थाने एमआरपी 1990 पासून धरणंच जास्त पटतं. सध्या 2009 चा वैधमापन कायदा आणि 2011 चे नियम लागू आहेत.

कर किमतीच्या पोटात असतो, म्हणून बिलावरचा फरक म्हणजे नफा नव्हे. समजा 5 टक्के जीएसटीचा, 105 रुपये एमआरपीचा नग निपाणीच्या दुकानदाराला 90 अधिक कर, म्हणजे 94.50 ला पडला. फरक 10.50 दिसतो, पण विक्रीवरचा कर 5, खरेदीवर भरलेला 4.50 वजा होतो, उरलेले 50 पैसे सरकारला, हातात 10. कंपोझिशनवाल्याला, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या छोट्या दुकानदाराला, खरेदीवरच्या कराची ही वजावट, म्हणजे क्रेडिट, नाही, वर उलाढालीवर 1 टक्का, म्हणून त्याला 9.45 च.

आता स्कीम. ‘12 वर 1 फ्री’ ऐकलं की बरेच जण 8.33 टक्के सूट धरतात, पण माल 13 नग येतो, म्हणून सूट 7.69 टक्केच. 1080 अधिक कराच्या खरेदीवर 13 ही नग एमआरपीला गेले तर 220 सुटतात, पण दोन नग एक्सपायर झाले आणि परत घेतले नाहीत तर तेच 20 वर येतं, शिवाय फेकलेल्या नगांवरचं क्रेडिट उलटवावं लागतं! म्हणून बेळगाव, खानापूर, चिकोडीकडचा जुना दुकानदार सेल्समनला सांगतो, ‘फ्री नको, सहाच घेतो, तेवढं रेटमध्ये कापून द्या की ओ.’ सूट बिलावरच दाखवली की कर कमी रकमेवर लागतो. मागाहून क्रेडिट नोटने देणार असतील तर आधीच ठरवून, बिल नंबरसकट लिहून घ्यावं. रोखीची सूट आणि एक्सपायरी वापसी या दोन गोष्टी वेगवेगळ्या मागाव्यात, एकीच्या बदल्यात दुसरी सोडू नये.

सीमाभागात दोन रेट कानावर येतात, बेळगावचा आणि कोल्हापूरचा. 2017 च्या आधी कोल्हापूरहून आणलेल्या मालावरचा केंद्रीय विक्रीकर वजा मिळत नसे, तो खर्चातच जायचा. आता आयजीएसटीचं, म्हणजे परराज्यातून आणलेल्या मालावरच्या जीएसटीचं, क्रेडिट मिळतं, त्यामुळे तुलना सरळ मूळ रेटची होते, फक्त भाडं मिळवायचं. मर्यादा अशी की कंपन्या डिस्ट्रिब्युटरला एरिया वाटून देतात, बाहेरून आणलेला माल एक्सपायर झाला तर इथला डिस्ट्रिब्युटर बहुधा परत घेत नाही.