टेस्टोस्टेरॉनचा आकडा वाढला, म्हणजे नेमकं काय वाढलं?

अश्वगंधेच्या डबीवर आज 'टेस्टोस्टेरॉन वाढवते' असं छापलेलं असतं, त्यामागच्या महत्त्वाच्या अभ्यासांपैकी एक ठाण्यातल्या डॉक्टरांचा आहे. तो 2013 साली प्रसिद्ध झाला. त्यात 46 पुरुष होते आणि सगळेच शुक्राणूंची संख्या कमी असल्यामुळे उपचारासाठी आलेले होते. 21 जणांना अश्वगंधेच्या मुळाचा अर्क दिवसाला 675 मिलिग्रॅम, तीन वेळा विभागून, 90 दिवस दिला. उरलेल्या 25 जणांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली कॅप्सूल दिली. शेवटी अश्वगंधा घेणाऱ्यांची शुक्राणूंची संख्या 167 टक्क्यांनी वाढली आणि रक्तातलं टेस्टोस्टेरॉन 17 टक्क्यांनी.

शुक्राणूंचा आकडा खरंच लक्ष वेधून घेणारा आहे. पण अभ्यास करणाऱ्यांनीच त्याला प्राथमिक म्हटलं होतं, आणि त्यातले पुरुष मूल होत नाही म्हणून आलेले होते. जिममध्ये जाणाऱ्या, धडधाकट पंचविशीतल्या मुलाला या अभ्यासातून फारसं काही सांगता येत नाही. त्याच्यासाठी 2015 सालचा दुसरा अभ्यास आहे, आणि जिमच्या ट्रेनरच्या तोंडी बहुधा त्याचेच आकडे असतात.

त्यात व्यायामाची फारशी सवय नसलेले 57 पुरुष होते. निम्म्यांना 300 मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा, निम्म्यांना खोटी कॅप्सूल, आणि सगळ्यांना आठ आठवडे वजनांचा व्यायाम. अश्वगंधा घेणाऱ्यांचं टेस्टोस्टेरॉन सरासरी 630 वरून 726 वर गेलं. (हे आकडे नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. पुढे नुसता आकडा लिहितो.) म्हणजे 96 ची वाढ, साधारण 15 टक्के. खोटी कॅप्सूल घेणाऱ्यांची वाढ 18 होती. बेंच प्रेसमध्ये अश्वगंधावाले 46 किलोंनी पुढे गेले आणि दुसरे 26 किलोंनी.

या आकड्यांमध्ये मला सगळ्यात जास्त बोलकं वाटतं ते 26. काहीही न घेता, नुसत्या व्यायामाने, दोन महिन्यांत इतकी ताकद वाढली, कारण ही माणसं नवशिकी होती. सुरुवातीच्या महिन्यांत शरीर वजन उचलायचं तंत्र शिकत असतं, त्यामुळे आकडे भराभर चढतात. वर्षानुवर्षं व्यायाम करणाऱ्याला हा फरक मिळेल असं या अभ्यासातून म्हणता येत नाही. आणि 630 काय किंवा 726 काय, दोन्ही निरोगी पुरुषाच्या नेहमीच्या पट्ट्यातलेच. या पट्ट्याच्या आतल्या आत आकडा थोडा वर सरकला म्हणून स्नायू किंवा कामेच्छा त्या प्रमाणात वाढते, असं दिसत नाही. ज्यांचं टेस्टोस्टेरॉन खरोखर खाली गेलेलं असतं, त्यांची गोष्ट वेगळी.

आता 15 टक्के म्हणजे किती, हे नीट पाहू. समजा, ऐरोलीत नोकरी करणाऱ्या एका 34 वर्षांच्या माणसाला सतत थकल्यासारखं वाटतं. ऑफिस सुटल्यावर पाचच्या सुमारास, चहा-वडापाव झाल्यावर, तो घराजवळच्या कलेक्शन सेंटरमध्ये रक्त देतो. रिपोर्ट येतो 340. मित्राच्या सांगण्यावरून तो अश्वगंधा सुरू करतो. दोन महिन्यांनी, रविवारी सकाळी आठला, भरपूर झोप झाल्यावर, उपाशीपोटी पुन्हा तपासणी करतो. रिपोर्ट येतो 430. म्हणजे 26 टक्के वाढ! तो सगळ्यांना सांगत सुटणार, हे उघड आहे.

पण टेस्टोस्टेरॉन दिवसभर सारखं नसतं. ते सकाळी सगळ्यात जास्त असतं. तिशी-चाळिशीतल्या पुरुषांत दुपारी चारचा आकडा सकाळी आठपेक्षा 20 ते 25 टक्क्यांनी कमी भरतो. शिवाय साखर पोटात गेली की ते आणखी उतरतं. 75 ग्रॅम ग्लुकोज प्यायला देऊन केलेल्या एका अभ्यासात टेस्टोस्टेरॉन सरासरी 25 टक्क्यांनी घसरलं होतं. म्हणजे कॅप्सूल बाजूला ठेवली, तरी केवळ वेळ आणि उपास यांनी 340 चे 430 होऊ शकतात. म्हणूनच डॉक्टर दोन वेगवेगळ्या दिवशी सकाळी, उपाशीपोटी रक्त घ्यायला सांगतात. अमेरिकेतल्या युरॉलॉजिस्टांच्या संघटनेने 300 ही रेषा धरली आहे. दोन्ही वेळा आकडा त्याच्या खाली आणि सोबत लक्षणंही असतील, तरच 'टेस्टोस्टेरॉन कमी आहे' असं निदान होतं. संध्याकाळी पाचच्या एका रिपोर्टवर काहीच ठरत नाही.

झोपेचंही असंच. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा तरुण पुरुषांना आठवडाभर रात्री फक्त पाच तास झोपू दिलं. त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन 10 ते 15 टक्क्यांनी उतरलं. दहाच माणसं होती, म्हणून यावर फार भार टाकू नये. तरी आकार पाहा: अश्वगंधेने जितकं चढतं असं म्हणतात, तितकंच अपुऱ्या झोपेने उतरतं. कल्याणहून पहाटेची लोकल पकडून ठाण्यात उतरायचं आणि तिथून ट्रान्सहार्बरने नवी मुंबई गाठायची, रात्री अकराला घरी पोचायचं, ही ज्यांची दिनचर्या आहे, त्यांच्या थकव्याचं मूळ शोधताना आधी तिथे पाहायला हवं.

औषधाचा खरा परिणाम ओळखायचा तर तोच माणूस दोन्ही गटांत असणं सगळ्यात चांगलं. असा अभ्यास ऑस्ट्रेलियात झाला आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. 40 ते 70 वयाचे, वजन जास्त असलेले आणि थोडा थकवा जाणवणारे 57 पुरुष त्यात होते. प्रत्येकाला आठ आठवडे अश्वगंधा आणि आठ आठवडे खोटी कॅप्सूल, क्रम चिठ्ठी टाकून ठरवलेला. टेस्टोस्टेरॉन लाळेतून मोजलं. खोट्या कॅप्सूलच्या तुलनेत ते 14.7 टक्के जास्त भरलं. आकडा पुन्हा तोच, पंधराच्या आसपास. त्यामुळे अश्वगंधेने टेस्टोस्टेरॉन थोडं वाढत असावं, असं मी मानतो. पण याच अभ्यासात थकवा, उत्साह आणि लैंगिक समाधान याबद्दल प्रश्नावलीही भरून घेतली होती. त्यात दोन्ही काळांत लक्षणीय फरक आढळला नाही. हार्मोन वाढलं, माणसाला काही जाणवलं नाही. डबीवर यातला पहिला भाग छापला जातो.

दमाचं चित्र थोडं बरं आहे. धावताना शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, ते किलोमागे मिनिटाला किती मिलिलिटर असं मोजतात. अश्वगंधेवरचे छोटे अभ्यास एकत्र केले तर ही क्षमता सरासरी 3 मिलिलिटरने वाढलेली दिसते. ज्याची क्षमता 40 आहे, त्याला हे कमी नाही. पण नियमित धावण्याच्या सरावानेही इतकी वाढ मिळते. अभ्यास लहान आहेत, आणि असे अनेक अभ्यास अर्क बनवणाऱ्या कंपन्यांच्या मदतीने झालेले असतात, हेही लक्षात ठेवावं.

शिलाजिताबद्दल पुरावा याहून विरळ आहे. कोलकात्यात 45 ते 55 वयाच्या निरोगी पुरुषांना शुद्ध केलेलं शिलाजीत 250 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, 90 दिवस दिलं, तेव्हा टेस्टोस्टेरॉन सुमारे 20 टक्क्यांनी वाढलं. हा 2016 चा अभ्यास. त्यात वापरलेलं शिलाजीत एका कंपनीचं, ठरावीक प्रक्रियेने तयार केलेलं होतं. बाजारात काळ्या राळेच्या नावाने जे मिळतं त्याला हा निकाल लावता येत नाही. शिलाजीत हा हिमालयातल्या खडकांतून पाझरणारा पदार्थ आहे, त्यामुळे त्यात खडकातले जड धातूही येऊ शकतात. 2004 मध्ये बॉस्टनच्या दुकानांतली 70 आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तेव्हा 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. ती सगळी शिलाजिताची नव्हती, पण प्रत्येक बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल मागावा तो याच कारणासाठी. कंपनी तो देत नसेल तर तो माल घेऊ नये.

सफेद मुसळी ही आपल्या डोंगरांतली. तिचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम, बोरिवलीवरून पडलेलं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचं ठाण्याकडचं टोक म्हणजे येऊर. इतकी जवळची वनस्पती असूनही तिच्याबद्दल माणसांवरचे नीट अभ्यास फारच कमी. कामेच्छा आणि शुक्राणू वाढल्याचे दाखले मुख्यत: उंदरांवरच्या प्रयोगांतले आहेत. उंदरांना शरीराच्या वजनाच्या मानाने दिलेली मात्रा आणि दुधात घातलेली चमचाभर पूड यांची सरळ तुलना होत नाही. त्यात भर म्हणजे उत्तरेकडे शतावरीच्या कुळातल्या दुसऱ्याच एका झाडाची मुळंही सफेद मुसळी म्हणून विकली जातात. त्यामुळे पुडीत नेमकं कोणतं मूळ आहे, इथपासून सुरुवात आहे. मुसळीने टेस्टोस्टेरॉन वाढतं असं आजच्या पुराव्यावर मी कुणालाही सांगणार नाही.

एका गोष्टीची मला मनापासून काळजी वाटते. या तिन्हींवर अभ्यास झाले ते आठवडे किंवा महिने देऊन. तासाभरात ताठरता आणणारं यातलं एकही नाही. एखाद्या 'हर्बल' कॅप्सूलने तासाभरात परिणाम दिसला, चेहरा लाल झाला, डोकं ठणकलं, नाक चोंदलं, तर त्यात व्हायग्रातलं औषध, म्हणजे सिल्डेनाफिल, मिसळलेलं असण्याचा दाट संशय घ्यावा. अशी भेसळ अमेरिकेच्या औषध प्रशासनाला पुन्हा पुन्हा सापडली आहे. ज्या माणसाला छातीच्या दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी गोळी दिलेली आहे, त्याने नकळत सिल्डेनाफिल घेतलं तर रक्तदाब इतका कोसळू शकतो की जीव जाईल. साठीच्या बाबांसाठी कुणी कौतुकाने अशी डबी आणत असेल, तर आधी त्यांच्या गोळ्यांची यादी पाहा.

खरी अश्वगंधाही प्रत्येकाला निर्धोक नसते. थायरॉइडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय ती घेऊ नये, कारण थायरॉइडचे आकडे तिने वाढू शकतात. 2020 मध्ये आइसलँड आणि अमेरिकेतल्या पाच रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. अश्वगंधा सुरू केल्यावर दोन ते बारा आठवड्यांत त्यांना कावीळ झाली, सोबत तीव्र खाज. कुणाचंही यकृत निकामी झालं नाही. पण नंतर भारतातल्या रुग्णांची नोंद आली, तेव्हा ज्यांना आधीपासून यकृताचा आजार होता त्यांच्यात मृत्यूही झालेले दिसले. असं क्वचित होतं, तरी ओळखणं सोपं आहे: अंगाला न थांबणारी खाज, गडद चहासारखी लघवी, पिवळे डोळे, अन्नावरची वासना उडणं. यातलं काहीही दिसलं तर कॅप्सूल त्याच दिवशी बंद करा, यकृताची रक्ततपासणी करून घ्या, आणि डॉक्टरांकडे जाताना ती डबी सोबत न्या. 'काही औषध घेता का' या प्रश्नाला आपल्याकडे आयुर्वेदिक गोळ्या धरून उत्तर देण्याची सवय नाही, आणि मग कावीळ कशाने झाली याचा शोध आठवडे लांबतो.