शेकडा नफा-तोटा : चुकीच्या पायाची तपासणी

नफा-तोट्याच्या उदाहरणात शेकडेवारी काढताना खरेदी किमतीऐवजी विक्री किमतीने भागणे, ही वरच्या प्राथमिक वर्गांच्या वह्यांत नेहमी आढळणारी चूक. शिक्षकांच्या बोलण्यात तिला बहुधा वेगळे नाव नसते. ‘शेकडा कशावर काढला?’ एवढाच प्रश्न लाल शाईत उमटतो. नफा किंवा तोटा रुपयांत बरोबर निघालेला असतो, भागाकार-गुणाकारही बरोबर असतात, फक्त भाजक चुकलेला असतो. म्हणून उत्तर चूक असले तरी ते कसे तपासावे, हा वेगळा विचार करण्याचा विषय ठरतो.

शेकडा खरेदीवरच का काढायचा, याचे मूळ दोन ठिकाणी शोधता येते. एक म्हणजे भांडवलाची जुनी कल्पना. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५० च्या सुमारास) तीन व्यापाऱ्यांचे उदाहरण आहे. त्यांची भांडवले ५१, ६८ आणि ८५ अशी असून ती एकत्र करून केलेल्या व्यापारात एकूण ३०० मिळतात. वाटणी भांडवलाच्या प्रमाणात होते आणि त्यांच्या वाट्याला अनुक्रमे ७५, १०० आणि १२५ येतात. येथे शेकडा नफा विचारलेला नाही, हे लक्षात ठेवायला हवे. तरी मिळकत गुंतवलेल्या रकमेशी ताडून पाहण्याची रीत त्यात स्पष्ट दिसते. दुसरे स्पष्टीकरण असे की आजचा साचेबंद नियम इंग्रजी अमदानीतील शालेय अंकगणितातून स्थिरावला. दोन्ही एकाच वेळी खरे असण्यास अडचण नाही. वर्गात समजावून सांगायला मात्र पहिले अधिक उपयोगी पडते, कारण त्यातून नियमामागचे कारण कळते: पैसे खिशातून गेले खरेदीला, म्हणून कमाई मोजायची ती खरेदीवर. ‘टक्का’ हा शब्द टंक या नाण्याच्या नावाशी जोडतात. त्याच्या तुलनेत ‘शेकडा’ या शब्दात शंभराची आठवण तरी राहते, पण ‘कशाचे शंभर’ हे दोन्ही शब्द सांगत नाहीत.

तपासणीतील खरी अडचण अशी की एकाच चुकीच्या उत्तरामागे वेगवेगळे समज असू शकतात. साताऱ्याकडच्या एखाद्या वर्गाला दिलेल्या वर्कशीटवर पुढील दोन उदाहरणे आहेत असे समजू. पहिले: ३२० रुपये किलोने घेतलेले कंदी पेढे ४०० रुपयांनी विकले. दुसरे: २५० रुपये किलोने घेतलेला बेदाणा २०० रुपयांनी विकावा लागला. पहिल्यात नफा ८० रुपये, म्हणजे शेकडा २५. दुसऱ्यात तोटा ५० रुपये, म्हणजे शेकडा २०.

एका मुलीने अनुक्रमे २० आणि २५ लिहिले. घाईत तपासणाऱ्याला वाटते की उत्तरांची अदलाबदल झाली किंवा शेजारच्या वहीत डोकावताना ओळ चुकली. प्रत्यक्षात तिने दोन्ही वेळा विक्री किमतीने भागले आहे: ८० भागिले ४०० आणि ५० भागिले २००. दुसऱ्या मुलाने २० आणि २० लिहिले. त्याचे तोट्याचे उत्तर बरोबर आहे, पण योगायोगाने. तो दोन संख्यांतील मोठीने भागतो. तिसऱ्याची उत्तरे २५ आणि २५. हा लहान संख्येने भागतो, त्यामुळे नफ्याचे उदाहरण त्याला ‘येते’. अशा मुलाला केवळ नफ्याची दहा उदाहरणे दिली तर दहाही बरोबर येतील आणि त्याला खरेदी-विक्रीशी काही देणेघेणे नाही हे कधीच उघड होणार नाही. त्याचप्रमाणे पहिली मुलगी आणि दुसरा मुलगा हेही निव्वळ नफ्याच्या कागदावर सारखेच दिसतात. निदानासाठी नफ्याचे एक आणि तोट्याचे एक अशी जोडी लागते, ती यासाठी. शिवाय एखाद्या उदाहरणात विक्री किंमत आधी आणि खरेदी किंमत नंतर सांगावी, म्हणजे ‘दुसरी आलेली संख्या खाली’ असा चौथा समजही सापडतो.

विक्रीवर काढलेला शेकडा नफा नेहमी खऱ्यापेक्षा कमी भरतो आणि तोटा नेहमी जास्त. खरा नफा शेकडा २५ असेल तर २५ ला १२५ ने भागून शंभरपट केले की चुकीचे उत्तर मिळते: २०. शेकडा ५० चे ३३ पूर्णांक १/३ होतात, शेकडा १०० चे ५०. विक्रीवरचा नफा शंभरावर कधी पोहोचतच नाही (फुकट मिळालेला माल विकल्याखेरीज), म्हणून नफ्याचे उत्तर १२० आले असेल तर चूक दुसरीच काहीतरी आहे. नफा लहान असला की फरक विरतो. शेकडा ५ ऐवजी सुमारे ४.७६ येतात आणि ‘पूर्णांकात लिहा’ म्हटल्यावर त्याचे पुन्हा ५ होतात. असे आकडे वर्कशीटवर घालणे म्हणजे चूक झाकणेच.

उलट उदाहरणात हीच चूक वेश पालटून येते. ‘एक वस्तू ६०० रुपयांना विकल्याने शेकडा २० नफा झाला, तर खरेदी किंमत किती?’ मूल ६०० चे शेकडा २० म्हणजे १२० काढते, वजा करते आणि ४८० लिहिते. खरे उत्तर ५००. येथे भागाकार दिसत नसल्याने तपासणारा याला वजाबाकीची किंवा सूत्राची चूक समजतो. पडताळा घेतला की उलगडते: ४८० वर शेकडा २० नफा ९६ रुपये, विक्री ५७६, मग ६०० कुठून आले? पेढ्यांच्या उदाहरणालाही हाच पडताळा लागू पडतो. ३२० चे शेकडा २० म्हणजे ६४, आणि ३२० अधिक ६४ होतात ३८४, चारशे नव्हे.

गुणांबाबत एकवाक्यता नाही. तीन गुणांचे उदाहरण धरले तर नफ्याच्या रकमेला एक, योग्य मांडणीला एक आणि आकडेमोडीला एक, अशी विभागणी सोयीची पडते. काही शिक्षक मांडणी चुकली की पुढचे काहीच धरत नाहीत आणि एक गुण देतात. काही जण चुकीच्या भाजकाने का होईना, पण भागाकार बिनचूक केल्याचा गुण देऊन दोन करतात. वर्गातील सरावासाठी दुसरी पद्धत अधिक रास्त वाटते, कारण तिच्यात चूक नेमकी कोणत्या पायरीवर आहे हे गुणांतूनच कळते. फुली उत्तरावर न मारता भाजकाभोवती गोल करावा आणि बाजूला ‘कशावर?’ लिहावे. बहुपर्यायी शिष्यवृत्ती परीक्षेत पायऱ्यांचे गुण नसतात, आणि २५ च्या शेजारी २० हा पर्याय ठेवायला प्रश्न काढणाऱ्याला फारसे कष्ट पडत नाहीत.

ही चूक नेहमी अज्ञानातून येते असे नाही. किराणा दुकान असलेल्या घरात ‘वीस टक्के मार्जिन’ म्हणजे छापील शंभराची वस्तू ऐंशीला मिळणे, अर्थात हिशेब विक्रीवर. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यावर अडत लागते तीही विकलेल्या मालाच्या रकमेवर. अशा घरातले मूल पेढ्यांच्या उदाहरणात २० लिहिते तेव्हा ते व्यापाराची एक खरी रीत वापरत असते; पाठ्यपुस्तकाची रीत वेगळी आहे, इतकेच त्याला सांगायचे असते.