गच्चीवरची टाकी तापते कुठून अन् गळते कुठून

एप्रिल लागला की व्हॉट्सॅपवर टाक्यांच्या जाहिराती सुरू होतात. चार लेयर, पाच लेयर, कुठं 'नॅनो', कुठं 'कूल', आणि खाली हमखास लिहिलेलं असतं की पाणी थंड राहील. लोक घेतातही, अन् मग मे महिन्यात दुपारी चारला नळ सोडला की हात पोळतो. आता बघा, लेयर कितीही असले तरी सगळे मिळून भिंत भरते साधारण ५-६ मिलिमीटर, आणि ते सगळं असतं पॉलिथिलीन. उष्णता अडवण्याच्या बाबतीत एवढी भिंत म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर थर्माकोल, म्हणजे धरून चाला की काहीच नाही. लेयर बिनकामाचे असतात असं नाही, काळ्या थरात काजळी असते ती प्लास्टिकला उन्हात सडू देत नाही आणि उजेड आत जाऊ देत नाही म्हणून शेवाळ धरत नाही, आतला पांढरा थर असतो तो गाळ दिसावा म्हणून. पण थंडपणाचा अन् लेयरच्या आकड्याचा तसा संबंध नाही.

मग टाकी तापते किती? आपण लाईट बिलातल्या युनिटमध्येच मोजू. हजार लिटरची टाकी घ्या, व्यास १.१ मीटर, उंची सव्वा मीटरच्या आतबाहेर. हजार लिटर पाणी १ अंशाने तापवायला साधारण १.१६ युनिट लागतात. आपल्याकडं मराठवाड्यात मे महिन्यात स्वच्छ आकाश असलं की आडव्या पृष्ठभागाच्या एका चौरस मीटरवर दिवसभरात सहा-साडेसहा युनिट ऊन पडतं. टाकीचं डोकं जवळपास एक चौरस मीटरचं आहे, काळं आहे, म्हणजे साडेपाच युनिट तर ते एकटंच पिऊन टाकतं. बाजूच्या भिंतीवर सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आणि तापलेल्या स्लॅबवरून उलटून येणारं ऊन, ते धरलं तर सगळी मिळून पंधरा युनिटच्या आसपास जातात. यातली बरीच वाऱ्यानं परत निघून जातात, तरी निम्मी पाण्यात उतरली म्हणा, म्हणजे सकाळी बोअरचं २८ अंशाचं पाणी भरलं असेल तर संध्याकाळी ३४-३५ झालं. टाकी निम्मीच भरलेली असेल तर? ऊन तेवढंच, पाणी अर्धं, सरळ ४० च्या घरात. म्हणून निम्म्या टाकीचं पाणी जास्त पोळतं, टाकी तीच असली तरी. दुपारी टाकी भरलेली ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, अर्थात पाणी असेल तर.

आता सावली. इथं एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. लोक टाकी जिन्याच्या खोलीला चिकटून उत्तरेच्या बाजूला ठेवतात, की तिकडं ऊन नसतं. हिवाळ्यात नसतं, खरंय. पण मे महिन्यात मराठवाड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, लातूरला १३-१४ मेच्या सुमारास आणि संभाजीनगरला १९-२० मेच्या सुमारास तर उभ्या काठीची सावलीच पडत नाही. मग भिंतीची कुठून पडणार? ऐन उन्हाळ्यात बाजूच्या भिंतीचा उपयोग फक्त सकाळी किंवा संध्याकाळी, दुपारला वरून छप्परच पाहिजे. (वास्तुवाले टाकी नैऋत्येला ठेवा म्हणतात, त्याच्यामुळं कुणाच्या घरात पैसा टिकला का मला माहीत नाही पण तिसऱ्या प्रहराचं ऊन मात्र त्या कोपऱ्यात पुरेपूर मिळतं. तिथं ठेवायचीच असेल तर छप्पर घालून ठेवा, दिशा पण राहील.)

छप्पर कशाचं? हिरवी नेट चालते, पण ती टाकीला गुंडाळू नका. नेट स्वतः तापते आणि अंगाला चिकटलेली असली की ती सगळी उष्णता टाकीलाच देते. टाकीपासून निदान फूट-दीड फूट वर आणि बाजूनं मोकळी ठेवा म्हणजे मधून वारा जातो आणि नेटची उष्णता घेऊन जातो. ७५ किंवा ९० टक्केवाली नेट घ्या, ५० वाली अर्धं ऊन आत सोडते. गावाकडं तर तुराट्या किंवा पऱ्हाट्यांचा मांडव नेटपेक्षा भारी काम करतो कारण त्यात हवा अडकलेली असते आणि खालची बाजू तापत नाही. फक्त अवकाळीच्या वावटळीत उडून शेजाऱ्याच्या अंगणात जाऊ नये एवढा तारेनं आवळा, आणि जवळ चूल किंवा फटाके नकोत.

सावली केली की उन्हाची युनिटं जवळपास बंद, उरते फक्त हवेची उष्णता, त्यानं दिवसभरात दोन-तीन अंश चढतात. पण पाणी एका दिवसात संपत असेल तर हा हिशेब. आपल्याकडं नळ येतो आठ दिवसाला. सावलीतली टाकी दोन-तीन दिवसांत दिवस-रात्रीच्या हवेच्या सरासरीला जाऊन टेकते, दिवसा ४२ आणि रात्री २७-२८ असेल तर ती सरासरी झाली पस्तीसच्या आसपास. त्याच्या खाली नुसती सावली नेत नाही.

इथं इन्सुलेशन कामाला येतं, आणि हाच भाग मला सगळ्यात आवडतो, थोडं डोकं लावावं लागेल. प्रत्येक टाकीचा एक स्वतःचा वेग असतो. बाहेरच्या आणि आतल्या तापमानातला फरक घटत घटत एक तृतीयांशाच्या जरा वर यायला किती वेळ लागतो, त्यावरून हा वेग कळतो, वेळ जास्त तर वेग कमी. उघड्या हजार लिटरच्या टाकीला साधारण एक दिवस लागतो. तीच टाकी वर, बाजूनं २५ मिलिमीटर थर्माकोलनं नीट झाकली तर हिशेबानं सात दिवस येतात, प्रत्यक्षात फटी राहतात, झाकण उघडं पडतं, पाइपमधून उष्णता येते, म्हणून चार-पाच धरा. म्हणजे २८ अंशाचं पाणी भरलं आणि हवेची सरासरी ३५, तर चार दिवसांनी सुद्धा ते ३२-३३ च्या आसपास असतं. उघड्या टाकीत ते पहिल्याच संध्याकाळी याच्या पुढं गेलेलं होतं. पण पाणी वापरलं की टाकी रिकामी होत जाते आणि हा वेगही वाढत जातो, म्हणून आठव्या दिवशीच्या शेवटच्या दोनशे लिटरला थर्माकोल फार वाचवत नाही.

आणि इन्सुलेशन दोन्हीकडून अडवतं, हे विसरायचं नाही. टँकरचं पाणी दुपारी तीनला आलं, ३८ अंशाचं, ते तुम्ही थर्माकोलच्या टाकीत भरलं तर रात्रीच्या गार हवेलाही थर्माकोल आत येऊ देणार नाही, तीन दिवस कोमटच पाणी वापरा. टँकरवाल्यांनी नुसती सावली करावी. बोअर असेल, नाहीतर पहाटेचा नळ असेल, त्यांनी सावली करून शिवाय थर्माकोलही लावावा, आणि थर्माकोलला बाहेरून पांढरा पत्रा किंवा पांढरं फ्लेक्स गुंडाळावं, नाहीतर उन्हानं तो दोन उन्हाळ्यांत भुसभुशीत होतो.

ओलं गोणपाट गुंडाळायचं का, असंही विचारतात. एक लिटर पाणी उडून जाताना एवढी उष्णता घेतं की हजार लिटर पाणी अर्धा अंश उतरेल, आणि मे महिन्यातली आपली कोरडी हवा त्याला एकदम पोषक. म्हणजे दिवसाला दहा-वीस लिटर पाणी द्यायचं, त्यातली बरीचशी उष्णता गोणपाट हवेतूनच घेणार, आणि बोअरचं पाणी जड असलं की आठ दिवसांत गोणपाट क्षारानं कडक होतं. ज्यांच्याकडं पाण्याची ददात नाही त्यांनी करावं.

हे सगळं करायच्या आधी एक साधी टेस्ट करा. दुपारी नळ सोडून बादली भरा आणि बघा गरम पाणी किती वेळ येतं. इंची पाइप दहा मीटर असेल तर त्यात साधारण पाचच लिटर पाणी मावतं. अर्ध्या बादलीनंतर पाणी निवलं तर दोष टाकीचा नाही, पश्चिमेच्या भिंतीवरून उतरणाऱ्या पाइपचा आहे, पाइपला फोमची नळी चढवा. बादली भरूनही गरमच असेल तर टाकी. आणि आधी गरम, मग जरा गार, आणि टाकी निम्म्यावर आली की परत गरम, असं झालं तर समजा की गरम पाणी हलकं असल्यामुळं वर थर धरून बसलं होतं आणि आता तो थर खालच्या तोटीपर्यंत उतरला.

आता बुड. उष्णता आणि गळती वेगवेगळ्या गोष्टी वाटतात पण टाकीच्या बुडाशी त्या भेटतात. पॉलिथिलीन तापल्यावर लोखंडापेक्षा दहापटीहून जास्त फुगतं. रिकाम्या टाकीचा १.१ मीटरचा व्यास रात्रीपेक्षा दुपारी ३० अंशानं तापला तर पाच-सहा मिलिमीटर वाढतो, आणि खालून जो प्लास्टिकचा कडक पाइप लावलाय तोही आपल्या परीनं लांबतो, हे रोज. मधे सापडतो तो टँक निपल, म्हणजे टाकीच्या भोकात बसवलेला पाइपचा जोड, आणि त्याचं रबरी वायसर. चार-पाच उन्हाळ्यांत वायसर कडक होतं आणि थेंब सुरू होतो. म्हणून निपलनंतर लगेच एक फुटभर लवचीक पाइप किंवा निदान युनियन, म्हणजे पाइप न कापता सुटणारा जोड, असावी आणि पाइपचं वजन क्लॅम्पवर असावं, निपलवर लोंबकळत नको. दुसरं कारण बैठक. चार विटांच्या खांबांवर हजार किलो ठेवलं की बूड खांबांच्या मधे झोळ धरतं आणि नेमकी तोटीशेजारी चीर जाते. सगळं बूड सपाट टेकलं पाहिजे, खाली एक खडाही नको.

गळतंय हे कळणार कसं? मे महिन्यात आपल्याकडं थेंब दिसतच नाही. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चार लिटरच्या वर, नळ आठ दिवसाला येत असेल तर पस्तीस लिटर गेलं, पण तापलेल्या स्लॅबवर ते पडता पडताच सुकतं. मागं राहतो पांढरा क्षार. टाकीच्या खाली कडेनं पांढरी रेघ, बोटानं खरवडली तर पापुद्रा निघतो, ती दिसली की गळती आहेच. हवा इतकी कोरडी असते की बाहेरून घाम सुटायचा प्रश्न येत नाही, म्हणून उन्हाळ्यात बूड ओलं दिसलं तर 'दव असेल' म्हणून सोडून देऊ नका. पक्कं करायला रात्री टाकीचा खालचा वॉल बंद करा, आत काठी सोडून पाण्याची रेघ खडूनं मारा, झाकण लावा, सकाळी परत मोजा. या मापाच्या टाकीत एक मिलिमीटर म्हणजे जवळपास एक लिटर. वॉल बंद असताना पातळी उतरली तर टाकी किंवा निपल, बंद असताना जागेवर राहिली आणि उघडल्यावर उतरली तर घरात कुठंतरी, बहुतेक वेळा फ्लशच्या टाकीत.

दुरुस्तीत लोक पहिलं काय करतात तर दोन गोळे कालवून लावायची ती एपॉक्सी पुट्टी. आमच्या प्लंबरचं म्हणणं, "काका, याला काहीच चिकटत नाही, मेणावर रंग मारल्यासारखं होतंय." बरोबर आहे त्याचं, पॉलिथिलीनचा पृष्ठभागच तसा असतो, पुट्टी महिनाभर टिकते आणि दुपारच्या फुगण्यानं कडेपासून सुटते. चीर असेल तर टाकी पूर्ण रिकामी आणि कोरडी करून त्याच जातीच्या प्लास्टिकची काडी गरम हवेच्या गननं वितळवून वेल्डिंग करून घ्यावी लागते, चिरेच्या दोन्ही टोकांना आधी बारीक भोक पाडून, नाहीतर चीर वेल्डिंगच्या पुढं सरकते. निपल गळत असेल तर काम सोपं आहे. तो काढा, आतला क्षार घासून काढा, रबरी वायसर दोन्ही बाजूंना नवीन घाला पण मुख्य आतलं, कारण पाण्याचा दाब तेच दाबून धरतो, आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा, हातानं पूर्ण आवळा आणि मग पान्यानं फक्त पाव फेरा. जोर लावून जास्त आवळलं की टाकीची भिंतच वाकते आणि वायसर एका बाजूनं उचललं जातं. हे काम सकाळी सातला करा, टाकी तापायच्या आत. दुपारी फुगलेल्या टाकीवर आवळलेला निपल रात्री आकसल्यावर ढिला पडतो.